पीजी फ्लॅट: पाहुणा किती रात्री चालेल? आणि सकाळी सातच्या मिक्सरचं काय?

सानिका: कर्वेनगरात ३ बीएचके, आम्ही पाचजणी, सगळ्या नोकरीवाल्या. मालक नाशिकला असतात. मागच्या महिन्यात एकीची बहीण परीक्षेसाठी आली ती नऊ रात्री राहिली. गॅसचे पैसे कोणी द्यायचे इथून सुरू झालं, आता दोघी म्हणतायत पाहुणे बंदच करा. शिवाय एकीची रात्रपाळी असते, पहाटे चारला येते. सकाळी सातला मिक्सर लागला की बिचारी रडकुंडीला येते. नियम लिहून फ्रिजवर लावायचेत. काय लिहू?

निनाद: पाहुणे बंद, विषय संपला. आमच्याकडे एकाचा मित्र दोन दिवसांसाठी आला तो नोकरी लागेपर्यंत सव्वादोन महिने राहिला. वर माझीच चादर. आणि मिक्सरचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ शांतता ठेवायची हा कायदाच आहे, तोच चिकटवा फ्रिजवर.

वैशाली: म्हणजे माझी आई साताऱ्याहून आली तर तिला लॉजवर पाठवू? भाडं भरते मी तिथे. एकाच्या चादरीपायी सगळ्यांच्या आयांना शिक्षा कशाला?

प्रभाकरकाका: मुलींना ठेवताना पालकांचं पत्र घ्यावं आणि रात्री दहाला गेट बंद करावं. आम्ही तसंच करतो, कधी कटकट नाही.

सानिका: काका, मी मालक नाही हो, भाडेकरू आहे!

मेघना: नऊ वर्षं अशा फ्लॅटांत काढली, त्यातली बरीच वर्षं हिशेबाची वही माझ्याकडे होती. आधी गॅसचा हिशेब करून टाक. पाचजणींना सिलिंडर तीस दिवस जातो असं धर, म्हणजे दीडशे माणशी-दिवस. बहिणीचे नऊ मिळवले की १५९. सिलिंडर नऊशेचा धरला तर तिचा वाटा एक्कावन्न रुपये. एक्कावन्न रुपयांसाठी पाचजणी बोलत नाहीयेत हे मला पटत नाही. खरं भांडण सकाळच्या बाथरूमचं असणार. पंधरा लिटरचा गीझर एकदा रिकामा झाला की परत तापायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. साडेसात ते नऊमध्ये सहावी अंघोळ घुसली की शेवटचीची बस चुकते, आणि ती राग गॅसवर काढते.

म्हणून आम्ही लिहायचो ते असं: पाहुणा सांगून येणार, दोन दिवस आधी. लागोपाठ तीन रात्री चालतील, त्यापुढे बाकीच्या सगळ्यांनी हो म्हटलं तरच. कामाच्या दिवशी पाहुण्याची अंघोळ नऊनंतर. गॅसचे पैसे त्या रात्रीच वहीत, नंतर आठवण करायला लागते आणि तिथेच तोंडं फिरतात. नऊ रात्रींची परीक्षा आली तर आधी विचारायचं, एवढंच.

निनाद, तो रात्रीचा कायदा मुख्यतः लाउडस्पीकर, फटाके, हॉर्न यांच्यासाठी आहे. आणि सातचा मिक्सर तुझ्या १० ते ६ मध्ये बसतच नाही! रात्रपाळीवालीची रात्र सकाळी असते, तिच्यासाठी घड्याळ उपयोगाचं नाही. चटणी-वाटण आदल्या रात्री दहाच्या आत करून फ्रिजमध्ये. भाजी कुकरऐवजी कढईत. तिची खोली स्वयंपाकघराला लागून असेल तर सरळ खोल्या बदला, आमच्याकडे त्यानेच अर्धं काम झालं. आणि अकरा वाजता पार्सलवाले बेल वाजवतात ना, तो मिक्सरपेक्षा मोठा त्रास असतो. पार्सलं वॉचमनकडे.

निनाद: बरं, पण पीजीला पाहुणे ठेवायचा हक्क तरी असतो का?

मेघना: करारात काय लिहिलंय ते बघायचं. भाडे कायद्यात पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच घरातला. सानिकाचे मालक नाशिकला, म्हणजे नाव पीजी असलं तरी हे लीव्ह अँड लायसन्स. त्यात पाहुण्यांचं कलम असेल तर फ्रिजवरच्या कागदाने ते रद्द होत नाही.

वैशाली: तीन रात्री कमीच आहेत. आई गावाहून येते, प्रवासातच तिचा दिवस जातो.

मेघना: मग पाच करा. आकड्याला काही पावित्र्य नाही, पाचजणींनी तो एकत्र बसून ठरवला पाहिजे.

सानिका: करार काढून बघितला. ‘रात्री मुक्कामास परवानगी लेखी’ असं आहे, म्हणजे मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करावा लागणार. खोली बदलायला रात्रपाळीवाली तयार आहे, बाल्कनीवाली नाही म्हणतेय, ती त्या बाल्कनीचे महिन्याला पाचशे जास्त देते. आणि एक राहिलंच, रविवारी बांगडे तळले तर शाकाहारी दोघी खिडक्या उघडून बसतात. तवा वेगळा आहे तरी.

निनाद: तव्याचा प्रश्न नाहीये, वासाचा आहे. बाहेरून मागवा.

वैशाली: रविवारी बांगडेपण बाहेरून?