‘Noise’ला मराठीत काय म्हणावे?

धंतोलीकर: तान्हा पोळ्यासाठी लाकडी नंदीचे छोटे अ‍ॅनिमेशन करून ते ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कसे केले, याची मराठी टिपणे लिहीत आहे. नंदीच्या गळ्यातली घंटा झुलते. तिच्या फिरण्याच्या वक्ररेषेवर फ्रेम १, १३ आणि २५ वर उणे १२, अधिक १२ आणि पुन्हा उणे १२ अंश असे बिंदू दिले, त्यावर Cycles हे हालचाल पुन्हा पुन्हा करणारे मॉडिफायर लावले आणि झोका अखंड सुरू झाला. तो यांत्रिक वाटू नये म्हणून वर Noise हे अनियमित चढउतार मिसळणारे मॉडिफायर चढवले. Cycles साठी मी ‘चक्र’ लिहिले आहे, पण Noise साठी ‘गोंगाट’ लिहिले तेव्हा घरच्यांनी घंटेचा आवाज बिघडला आहे का, असे विचारले. कोणता शब्द योग्य ठरेल?

गणितमास्तर: ‘रव’ हा शब्द आपल्याकडे आहेच. तो ‘रु’ या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ध्वनी असला, तरी संदेशातील नको असलेली भेसळ या अर्थाने आम्ही तो वर्गात वापरत असू.

महालची_सून: मास्तर, इथे ती भेसळ नको असलेली नाही, मुद्दाम घातलेली आहे. मी ‘थरथर’ म्हणेन. नाहीतरी ब्लेंडर दर वेळी नवे आकडे टाकते, म्हणजे प्रत्येक रेंडरला घंटा वेगळी थरथरणार.

कळसूत्री: ताई, वेगळेपणा दिसेल हे खरे, पण तो दर रेंडरला बदलत नाही. मूल्ये तीच ठेवली, तर ६० व्या फ्रेमवर घंटा आजही आणि उद्याही त्याच कोनात दिसेल. म्हणूनच हे मॉडिफायर एका घंटेवरून दुसऱ्या घंटेवर जसेच्या तसे चिकटवले, तर दोन्ही एकाच तालात डगमगतात आणि लबाडी लगेच उघडी पडते. प्रत्येकीची Phase वेगळी ठेवावी लागते. ‘थरथर’ तर Scale लहान असतानाच शोभते, कारण ते वीस-तीसपर्यंत वाढवले की थरथर उरत नाही, संथ हेलकावा होतो. शब्द दोन्हींना पुरला पाहिजे.

तबलजी: मग ‘चक्र’ तरी कशाला, ‘आवर्तन’ म्हणा. ठेका तोच राहतो आणि भरणा दर आवर्तनात बदलतो, नेमके हेच इथे घडते आहे.

कळसूत्री: उपमा बरोबर बसली, कारण Cycles हे मॉडिफायर यादीत पहिलेच असावे लागते. आधी Noise लावले असेल, तर ब्लेंडर Cycles घेतच नाही. त्यामुळे आधी झोका पुनरावृत्त होतो आणि मग त्या संपूर्ण लांबीवर डगमग पसरते, म्हणून प्रत्येक झोका निराळा होतो.

सक्करदरा_बॉईज: माझा नंदी चार पावले पुढे जाऊन टुणकन मागे येतो. यालाही Noise लावावे लागेल का?

कळसूत्री: नाही भाऊ. तुमच्या पुढे जाण्याच्या वक्ररेषेवर Repeat Motion असणार, तिथे Cycles मध्ये After खाली Repeat with Offset निवडा. मग प्रत्येक फेरी मागची जिथे संपली तिथून सुरू होईल.

गणितमास्तर: म्हणजे ‘आवर्तन’ शब्द बाद झाला. तो ‘वृत्’पासून आला आहे, फिरून त्याच जागी येणे हा त्याचा गाभा आहे, आणि इथे तर नंदी परत येतच नाही.

तबलजी: शेतीला पाण्याची आवर्तने सुटतात, मास्तर. पाणी काय धरणात परत येते?

धंतोलीकर: शब्द राहू द्या, एक अडचण आली आहे. फ्रेम १ ते १२० ची चित्रफीत सलग फिरवली, की जोडावर घंटा टचकन उडी मारते. Noise काढले की उडी जाते. Strength ०.१ आहे, त्याने एवढा फरक पडू नये.

कळसूत्री: फिरण्याच्या वक्ररेषेवर ते ०.१ अंश नसून रेडियन असते, म्हणजे सुमारे पावणेसहा अंश, आणि ते मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे वाटले जाते. झोके चोवीस फ्रेमचे असल्याने १२१ वी फ्रेम पहिलीशी जुळते, पण Noise जुळण्याचे कारणच नाही. त्याच्या Restrict Frame Range मध्ये Start १, End १२१, In आणि Out दोन्ही २४ द्या, म्हणजे टोकांना त्याचा जोर शून्यावर येईल. त्याची किंमत अशी, की जोडाच्या आसपासचे झोके दर फेरीला साधेच राहतील.

महालची_सून: मग ती तिथे ‘विरते’. ‘डगमग’ विरू शकते, ‘रव’ही विरतो, ‘गोंगाट’ मात्र थांबतो.

गणितमास्तर: ‘डगमग’ पडण्याच्या बेतातल्या वस्तूची असते. घंटा पडत नाही.

धंतोलीकर: उडी गेली. साधे झोके मात्र डोळ्यांना कळतात, तेव्हा In आणि Out १२ वर आणून पाहतो. टिपणात सध्या ‘नॉईज’च ठेवले आहे.

तबलजी: आणि ‘चक्र’?