फ्लॅगमध्ये व्हॉल्यूम आटलाच पाहिजे का?

विश्रामबागचा_चार्टवाला: एक शेअर सात दिवसांत ४०० वरून ४८० ला गेला, रोज साधारण १२ लाखांचा व्हॉल्यूम. नंतर आठ दिवस तिरका उतरत ४५५ ला आलाय, पण व्हॉल्यूम अजून ९-१० लाख. याला फ्लॅग म्हणायचं का? सांगलीच्या आमच्या ग्रुपात दोन तट पडलेत.

मिरज_जंक्शन: आकार फ्लॅगचाच आहे: उभी चढण ही काठी, नंतरची तिरकी उतरण हा झेंडा. ८० रुपयांच्या काठीतले २५ परत दिले, हे काही जास्त नाही. खटकतो तो व्हॉल्यूम. काठीत घेतलेले लोक माल धरून बसले तर विकणारे कमी होतात, म्हणून व्हॉल्यूम आटतो. इथं भाव घसरतोय आणि रोज ९ लाख शेअर हात बदलतायत, म्हणजे वरच्या भावाला कुणीतरी माल ओततोय. लाल दिवसांचा व्हॉल्यूम हिरव्या दिवसांपेक्षा मोठा आहे का, ते आधी बघ.

कृष्णाकाठ: एवढं कशाला? व्हॉल्यूम आटला की वरच फुटणार, नाही आटला तर सोडून द्यायचं.

मिरज_जंक्शन: पहिलं अर्धंच खरं, दादा. आटलेला व्हॉल्यूम दिशा सांगत नाही. दोन्ही बाजूंनी निमुळत्या होणाऱ्या त्रिकोणातही तो आटतो आणि तरी भाव खाली फुटतो. वर फुटताना व्हॉल्यूम लागतो. खाली पडायला घेणारे नसले तरी पुरतं.

हळदवाले_काका: माझा अनुभव सांगतो. हळदीच्या वायद्यात छान त्रिकोण झाला होता, व्हॉल्यूम रोज कमी. मी खूश होऊन सौदा केला. भाव टोकापर्यंत आडवाच सरकला आणि तिथंच विरला. नंतर कळलं, मुदत संपत आली होती, लोक पुढच्या महिन्याच्या वायद्यात गेले होते. दोन्ही महिन्यांचा व्हॉल्यूम एकत्र केला तर आटलाच नव्हता! मार्केट यार्डात पोत्यांचे ढीग डोळ्यांनी बघणारा मी, आणि स्क्रीनवर फसलो.

चार्टवाला: काका, माझा वायदा नाही, शेअर आहे.

हळदवाले_काका: असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कऱ्हाड_नाका: नुसत्या व्हॉल्यूमवर आता काय ठरतं? त्यातला बराचसा त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांचा. संध्याकाळी एनएसईच्या आकड्यांत डिलिव्हरी बघा, म्हणजे खरोखर खात्यात गेलेले शेअर.

चार्टवाला: बघितली. काठीत रोज ५ लाखांच्या आसपास डिलिव्हरी होती, आता २ लाख.

कऱ्हाड_नाका: झालं तर मग! खरा माल हलतच नाहीये. हा फ्लॅगच.

मिरज_जंक्शन: हा मुद्दा मान्य, माझा संशय थोडा कमी झाला. पण ते २ लाख कोण विकतोय हे डिलिव्हरी सांगत नाही. मी तरी फ्लॅगच्या वरच्या रेषेवर बंद भाव मिळेपर्यंत थांबेन, आणि त्या दिवशी १२ लाखांच्या वर व्हॉल्यूम हवा. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात रेष ओलांडली म्हणून उडी मारू नकोस. तेव्हा व्हॉल्यूम नेहमीच फुगलेला असतो.

कऱ्हाड_नाका: बंद भावाची वाट बघत बसलास तर ४८० ला घेशील.

मिरज_जंक्शन: घेईन.