मदत हवी आहे: थेंब घातल्याशिवाय नवऱ्याचं नाक उघडतच नाही

ऐरोलीकरीण
गणपतीत सर्दी झाली तेव्हा नवऱ्याने मेडिकलमधून झायलोमेटाझोलिनचे थेंब आणले. सर्दी गेली, थेंब राहिले. आता दिवाळी झाली तरी ऑफिसच्या बॅगेत बाटली असते. घातले की पाच मिनिटांत नाक मोकळं, तीन-चार तासांत परत चोंदतं. शिंका नाहीत, नाक गळत नाही, नुसतं बंद. घरात सलाईनचा स्प्रे आहे, नणंदेचा फ्लुटिकासोन या स्टिरॉइडचाही आहे. कुठला द्यावा? की रबाळ्याच्या कंपन्यांच्या धुराने होतंय?

पामबीचवाला
सलाईन मारा, बाकी सगळं बंद. स्टिरॉइडला हात लावू नका, हाडं ठिसूळ होतात.

नाकाडॉक्टर_ठाणे
सलाईन चालेल, पण ते शेंबूड आणि धूळ धुतं, सूज उतरवत नाही. हाडांची भीती गोळ्यांबद्दल खरी. स्प्रेच्या एका फवाऱ्यात फ्लुटिकासोन साधारण 50 मायक्रोग्रॅम असतं, रक्तात फारच थोडं जातं.

धूर राहू द्या, तुम्ही लिहिलंय ते थेंबांचंच दुखणं वाटतं. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून लगेच मोकळं वाटतं. रोज घातले की रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात आणि त्यांना आवळून धरणारं शरीराचं स्वतःचं रसायनही कमी पडतं. मग असर उतरला की आधीपेक्षा जास्त सूज येते, माणूस पुन्हा बाटली उचलतो. म्हणून तीन ते पाच दिवसांवर घालू नयेत.

सोडवताना मी आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करायला सांगतो आणि दोन्हीकडे स्टिरॉइड स्प्रे सुरू करतो. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या रात्री वाईट जातात. ती बाजू सुधारली की दुसरी बंद. स्प्रे मारताना मान जराशी खाली, नळीचं तोंड त्या बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं. आणि नणंदेची बाटली नको, स्वतःची घ्या.

घणसोलीची_आई
माझ्या दीड वर्षाच्या मुलीचं नाक रात्री बंद होतं. हेच थेंब अर्धे घालू का?

नाकाडॉक्टर_ठाणे
अजिबात नको. सलाईनचे थेंब घाला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कळव्याचा_काका
मी दोन्ही नाकपुड्यांचे एकदमच सोडले. चार रात्री उशीला टेकून बसून काढल्या, पण सुटलं.

नाकाडॉक्टर_ठाणे
तसंही चालतं. ज्याला सोसवेल त्याने करावं.

ऐरोलीकरीण
एक राहिलंच. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे. आणि डावी बाजू सर्दीच्या आधीपासूनच कमी चालते म्हणतात.

नाकाडॉक्टर_ठाणे
बीपी असेल तर थेंब लवकर सुटायलाच हवेत, त्यांनी ते वाढू शकतं. डाव्या बाजूला पडदा वाकडा असेल किंवा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराची मऊ वाढ. ते आत बघितल्याशिवाय कळणार नाही. स्प्रे सुरू करण्याआधीच कान-नाक-घसावाल्यांकडे न्या आणि थेंब किती दिवस घातले ते सांगा. बरेच जण ते लपवतात.

ऐरोलीकरीण
शनिवारची अपॉइंटमेंट घेते. बाटली मात्र ते आत्ता देत नाहीयेत.