बोका घोट्यावर झडप घालतोय: खेळणं द्यायचं की धाक?

वडगावकर: आमचा बोका पाच महिन्यांचा. दिवेलागणीला कपाटाखाली दबा धरून बसतोय, आजी तिथनं गेली की लुगड्याच्या काठावर उडी आणि घोट्याला दात. पोरं हातानं खेळवतात तर मनगटाला मिठी मारून मागच्या पायांनी ओरबाडतोय. खेळणी आणली ती तशीच पडून. काय करायचं हो?

खानापूरवाला: खेळणी कसली, नाकावर टिचकी द्या नाहीतर पाण्याचा फवारा मारा. आमच्यात मांजर उंदरांसाठी पाळतात, लाडासाठी नाही.

चिकोडीची मावशी: टिचकी म्हणजे परत हातच आला की त्याच्या तोंडासमोर! एकतर त्याला खेळ वाटतो, नाहीतर हाताचीच भीती बसते. आणि फवाऱ्याची बाटली घेऊन आजी घरभर फिरणार काय?

खेळणी पडून आहेत कारण ती हलत नाहीत. लुगड्याचा काठ सरपटतो, लांब जातो, म्हणून तो शिकार. काठीला सुतळी बांधा, टोकाला चिंधी. ती त्याच्या अंगावर न्यायची नाही, त्याच्यापासून लांब ओढायची, कॉटच्या पायाआड अर्धी लपवून थांबायचं. बुड हलवायला लागला की समजा आता उडी येणार. अधनंमधनं धरू द्या, चावू द्या. दहा मिनिटं झाली की वेग कमी करत शेवटची शिकार त्याला द्या आणि लगेच जेवण वाढा. हे सगळं दिवेलागणीच्या आधी, कारण त्याच वेळी त्याच्या अंगात येतं. नंतर सुतळी कपाटात, गिळली तर आतड्यात अडकते.

मनगटाऐवजी त्याला मिठी मारायला जुन्या मोज्यात चिंध्या भरून द्या, मागचे पाय पोचतील एवढा लांब करा. हात धरलाच तर ओढू नका, सैल सोडून गप्प राहा, ओढला की तो आणखी आवळतो. खरचटलं किंवा रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, रेबीजच्या इंजेक्शनचं तेच सांगतील.

निपाणीकर: एवढं कशाला, लेझर लाइट घ्या की, बसल्या जागी पळतंय.

चिकोडीची मावशी: पळतंय खरं पण हाती काय लागतंय? लाइट बंद झाला की काही मांजरं घोट्याकडेच वळतात. वापरलाच तर शेवटी ठिपका खाऊवर नेऊन थांबवा.

गोकाकची सून: आमची म्हातारी मांजरी मांडीवर कुरवाळताना मध्येच चावती. तिलापण काठी आणू काय?

चिकोडीची मावशी: ते वेगळं गं. शेपूट आपटायला लागली की हात काढ, बास.

खानापूरवाला: चिंधीत रमला तर उंदीर कोण धरणार सांगा?

चिकोडीची मावशी: चिंधीवर तो तेच शिकतोय की भाऊ, दबा, झेप, पकड.

खानापूरवाला: मग त्यापेक्षा दुसरं पिल्लू आणा, एकमेकांना चावून शिकतील.

चिकोडीची मावशी: हे मात्र पटतंय थोडं. पण दोघांचं जमलं नाही तर आजीच्या पायात दोन बोके.

वडगावकर: दुसरं नको बाबा. काठी केलीय, धावतोय जोरात. पण धाकटा अजून बोटं हलवूनच त्याला बोलावतोय, त्या पोराला काय करू सांगा.