मदत हवी आहे: आयसोमर मोजताना माझे 6 येतात, उत्तर 9 दिलंय

कपाशीवाला_पोरगा (दर्यापूर तालुका)
बारावीचा पेपर परवा आहे. सगळे स्ट्रक्चरल आयसोमर काढा असा प्रश्न आहे, माहे सहाच येऊन रायले. उत्तरात 9, आणि मित्राच्या गाइडात त्याच प्रश्नाचं 7. कोणतं बरोबर? लवकर सांगा, लाइन केव्हा जाईल नेम नाही.

विदर्भ_केमिस्ट
फॉर्म्युला कुठाय भाऊ?

नीट_२
C4H10O असंल तर 7च. चार अल्कोहोल, तीन इथर. पाठच करून ठेव.

कपाशीवाला_पोरगा
C3H6O आहे. लिहिलं नाही काय मी?

विदर्भ_केमिस्ट
नाही लिहिलं. आणि तुझे सहा कोणते, तेही टाक. त्याशिवाय काय राहिलं ते कसं सांगू?

कपाशीवाला_पोरगा
प्रोपॅनाल, ॲसिटोन, ॲलिल अल्कोहोल, मिथाइल व्हिनाइल इथर, सायक्लोप्रोपॅनॉल, प्रोपिलीन ऑक्साइड.

आई_घरी_अभ्यास
माझ्या मुलीला तर सरांनी सांगितलं होतं, ॲसिटोनची आयोडोफॉर्म टेस्ट येते, पिवळा साका पडतो, प्रोपॅनालची येत नाही. हे लक्षात ठेव बाळा, पेपरात नक्की विचारतात.

नीट_२
काकू, तो मोजणी विचारून रायला, टेस्ट नाही.

विदर्भ_केमिस्ट
आठवेल तसे आयसोमर लिहीत गेलं की काही सुटतातच. आधी हायड्रोजन मोज. तीन कार्बनला जास्तीत जास्त 8 बसतात, इथं 6 आहेत. दोन कमी, म्हणजे एक डबल बाँड किंवा एक रिंग. ऑक्सिजनने या हिशोबात फरक पडत नाही.

आता ऑक्सिजन बाजूला ठेव. उरला C3H6. त्याचे सांगाडे दोनच, प्रोपीन आणि सायक्लोप्रोपेन. ऑक्सिजन एकेका बाँडमध्ये घुसवत जा. प्रोपीनमध्ये तीन जागी कार्बन-हायड्रोजन आहे, तिथं घुसला की OH असलेले तीन. कार्बन-कार्बनच्या सिंगल बाँडमध्ये घुसला की तुझा व्हिनाइल इथर. डबल बाँडवर बसला की प्रोपिलीन ऑक्साइड. सायक्लोप्रोपेनमध्ये सगळे कार्बन सारखे, म्हणून OH वाला एकच, आणि रिंगच्या बाँडमध्ये घुसला की चार कोनांची रिंग, ऑक्सिटेन. हे सात झाले. C=O वाले दोन वेगळे: प्रोपॅनाल, ॲसिटोन. एकूण नऊ.

तुझं ऑक्सिटेन राहिलं, आणि OH वाल्या तिनातले दोन: CH3–CH=CH–OH आणि CH2=C(OH)–CH3.

कपाशीवाला_पोरगा
ऑक्सिटेन समजलं. पण डबल बाँडच्या कार्बनवर OH टिकत नाही असं कॉलेजात शिकवलं. मग ते काहून मोजायचे?

नीट_२
बरोबर शिकवलं. टिकतच नाही तर मोजू नको. नऊतून दोन गेले, सात. गाइड बरोबर.

विदर्भ_केमिस्ट
टिकत नाही म्हणून तो रेणूच नाही असं कसं? ते दोन इनॉल आहेत. प्रोपॅनालच्या CHO शेजारच्या CH2 वरचा एक हायड्रोजन ऑक्सिजनवर गेला आणि डबल बाँड कार्बनांमध्ये सरकला की पहिला. ॲसिटोनचं तसंच केलं की दुसरा. ॲसिटोनमध्ये इनॉल कोट्यवधी रेणूंमागे एखादा असतो, पण असतो. हायड्रोजनची जागा बदलली, म्हणजे रचना वेगळी. टॉटोमर हा स्ट्रक्चरल आयसोमरच.

नीट_२
मग ॲलिल अल्कोहोलपण प्रोपॅनालचा टॉटोमर झाला ना? तिथंही OH, तिथंही डबल बाँड.

विदर्भ_केमिस्ट
नाही. त्यात OH डबल बाँडच्या कार्बनवर नाही, शेजारच्या कार्बनवर आहे. म्हणून तर ते बाटलीत भरून ठेवता येतं. आयसोमर आहे, टॉटोमर नाही.

शेतकरी_मास्तर (आर्वी)
मधीच विचारतो, रागावू नका. फवारणीच्या एका बाटलीवर सायपरमेथ्रिन लिहिलं असते, दुसरीवर अल्फा-सायपरमेथ्रिन. तेबी असंच हाय काय?

विदर्भ_केमिस्ट
नाही मास्तर. तिथं कोणता अणू कोणाला जोडला ते तसंच राहते, फक्त अवकाशातली मांडणी वेगळी. ते स्टिरिओ. या प्रश्नात स्टिरिओ धरले तर नऊचे अकरा होतात: CH3–CH=CH–OH चे सिस-ट्रान्स आणि प्रोपिलीन ऑक्साइडचे डावे-उजवे.

नीट_२
म्हणजे 7, 9 आन् 11, तिन्ही बरोबर? पेपर तपासणारा कोणतं धरणार?

विदर्भ_केमिस्ट
प्रश्नात 'टॉटोमरसह' असेल तर 9. 'स्थिर' शब्द असेल तर 7. काहीच नसेल तर मी 9 लिहून इनॉल वेगळे दाखवीन.

नीट_२
ऑप्शनवाल्या पेपरात वेगळे कुठं दाखवता? मी 7वरच खूण करणार.

कपाशीवाला_पोरगा
आमचा लेखी आहे, वेगळे दाखवतो. ब्युटॅनोनचेपण एकच इनॉल काय?

विदर्भ_केमिस्ट
दोन. ॲसिटोनच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून एक. ब्युटॅनोनमध्ये एकीकडे CH3, दुसरीकडे CH2. दोन्ही बाजूंचा हायड्रोजन हलवून बघ आणि काय येते ते इथं लिही.