शब्दचर्चा : एफर्ट, ड्युरेशन आणि इलॅप्स्ड टाइम

वाटाड्या : प्रकल्प व्यवस्थापनावरचं एक टिपण मराठीत लिहितो आहे. या तिन्ही शब्दांसाठी ‘कालावधी’ चालेल का?

शब्दवेडी : ‘मुदत’ का नको? काम कधी द्यायचं, तेच तर सांगायचं असतं.

जुना प्लॅनर : मुदत म्हणजे वरून ठरवून दिलेली तारीख. इथे प्रश्न कामाला काय लागेल याचा आहे. एफर्टला ‘श्रम’ म्हणा, तो मनुष्यदिवसांत मोजतात. समजा, 60 मनुष्यदिवसांचं काम उरलंय आणि पाच माणसं आहेत. ड्युरेशन 12 कामाचे दिवस, हा ‘कालावधी’. सोमवारी सुरू केलं आणि शनिवार-रविवार सुट्टी असली, तर तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी संपेल. कॅलेंडरवर 16 दिवस गेले, तो इलॅप्स्ड टाइम. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये `3d` म्हणजे कामाचे तीन दिवस. `3ed` लिहिलं की रात्री आणि सुट्ट्याही धरल्या जातात. रंग वाळायला सुट्टी लागत नाही.

हिशेबी : म्हणजे श्रम भागिले माणसं. काम रखडलं तर आणखी तिघं घ्यायची, साडेसात दिवसांत मोकळे.

जुना प्लॅनर : भागाकार बरोबर आहे, पण एकमेकांवर अवलंबून नसलेल्या कामांपुरता. शिवाय वरचा 60 हा आकडा तिघं आल्यावर 60 राहतच नाही. समजा, नव्यांना काम समजायला सहा दिवस लागतात आणि तोवर प्रत्येकजण एका जुन्याचा अर्धा दिवस खातो. मग पाच जुन्यांकडून रोज साडेतीनच मनुष्यदिवस मिळतात, सहा दिवसांत 21. उरले 39. कामाची नव्याने वाटणी आणि जोडणी यात दहा वाढले, झाले 49. आता माणसं आठ, पण आपसातल्या जोड्या 10 वरून 28 झाल्या. विचारपूस आणि बैठकांत एका माणसाइतकं बळ गेलं असं धरू. 49 भागिले 7, आणखी सात दिवस. एकूण 13. कुणालाही न घेता 12 मध्ये झालं असतं.

अनुवादक : माझ्या एका पुस्तकाचं असंच झालं. उशीर होतोय म्हणून प्रकाशकाने शेवटची प्रकरणं दोघांना वाटली. एकाच संज्ञेला तीन प्रतिशब्द आले आणि ते सारखे करण्यात माझे दिवस गेले.

हिशेबी : मग माणसं वाढवायचीच नाहीत?

जुना प्लॅनर : तसं नाही. याच हिशेबात 300 मनुष्यदिवस उरले असते तर पाच जणांना 60 दिवस लागले असते, आठ जणांना साधारण 47. शिकवण्याचा खर्च फिटायला पुढे तेवढं काम उरलेलं हवं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हा फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये मांडलेला नियम या शेवटच्या टप्प्यालाच सर्वाधिक लागू पडतो. नव्यांना घेतल्यावर जुन्यांची रोजची पूर्ण झालेली कामं घटतायत का, हे पहिल्याच आठवड्यात पाहावं.

वाटाड्या : ‘श्रम’ आणि ‘कालावधी’ घेतो. इलॅप्स्डला ‘उलटलेला काळ’ लिहू?

शब्दवेडी : पुढच्या कामाचा अंदाज देताना ‘उलटलेला’ कसं म्हणणार? ‘कॅलेंडरचे दिवस’ बरं.

जुना प्लॅनर : आणि तासांत मोजायचं असेल तेव्हा?