प्रतिसाद: दोन भाषांतली ओळख

> "वक्त्यांची ओळख आधी मराठीत करून मग तीच इंग्रजीत सांगू का? निम्मे पाहुणे अमराठी आहेत."

तीच पुन्हा नको. दोन मिनिटांची ओळख चार मिनिटांची होते आणि प्रत्येक वेळी निम्मं सभागृह मोबाईल काढतं. दादरला एका गायिकेची ओळख करून देताना मी गोष्ट एकच ठेवली, भाषा बदलत पुढे नेली:

"वयाच्या सातव्या वर्षी गिरगावच्या चाळीत तालीम सुरू झाली. ॲट सेव्हन, शी वॉज ऑलरेडी सिंगिंग बिफोर स्कूल. शाळेआधीचा तो तासभर रियाज आजही चुकलेला नाही."

इथे 'सेव्हन' आणि 'शाळेआधी' हे दोन सांधे. मागच्या वाक्यातला एकच तपशील उचलायचा, बाकी सगळं नवं. त्यामुळे एकच भाषा येणाऱ्यालाही धागा सापडतो. वाक्याच्या मधोमध मात्र भाषा बदलू नका, कान अडखळतो. ज्याच्याशिवाय पुढचं कळणारच नाही, उदाहरणार्थ आज काय सादर होणार, ते मात्र दोन्हीकडे पूर्ण सांगा. विनोद टाळलेलाच बरा. अर्धेच हसले की उरलेल्यांना परकं वाटतं.

नाव अगदी शेवटी घ्या. ते दोन्ही भाषांत सारखंच असतं, म्हणून टाळ्या सगळ्यांच्या एकदम पडतात.